चालता येतंय, मग हाड शाबूत असेलच ना?

वाचकाचं पत्र: मी ४८ वर्षांची, पुण्याच्या उपनगरात राहते. परवा संध्याकाळी भाजी घेऊन येताना, पाइपलाइनसाठी खणून अर्धवट बुजवलेल्या रस्त्यावर उजवा पाय आतल्या बाजूला वळला. ‘कट्’ असा आवाज आला. दोन मिनिटं एका दुकानाच्या पायरीवर बसले आणि लंगडत चालत घरी आले. रात्री बाहेरच्या घोट्याखाली अंड्याएवढी सूज आली. सासूबाईंनी आंबेहळदीचा गरम लेप लावला, शेजारच्या काकूंनी तेलाने चोळून दिलं. आता टाचेजवळ आणि बोटांच्या मुळाशी काळंनिळं झालंय. घोट्याच्या पुढे दुखतं, आणि पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध एक उंचवटा आहे, तिथे बोट लावलं तरी कळ येते. मिस्टर म्हणतात, चालत आलीस, बोटं हलतात, म्हणजे फ्रॅक्चर नाही. सासूबाई म्हणतात, पंधरा दिवस पाय टेकवायचा नाही. मैत्रीण म्हणते, थेट एमआरआय काढ. मला बीपीची गोळी चालू आहे, मधुमेह नाही. कोणाचं ऐकू?

उत्तर:

ताई, आधी एवढं करा: आज नाही तर उद्या सकाळी एक्स-रे काढून घ्या, आणि तो फक्त घोट्याचा नको, पावलाचाही हवा. (हे वाक्य तुम्हाला सदर प्रसिद्ध होण्याआधीच कळवलं होतं. अशा पत्राला चार दिवस थांबवून ठेवणं बरं नव्हे.) असं का, आणि पुढे काय, ते आता सविस्तर सांगते. रस्ते सगळीकडे सारखेच असल्याने इतरांनाही त्याचा उपयोग होईल.

तुमच्या पत्रात सूज आहे, आवाज आहे, काळंनिळं आहे, पण मला थांबवलं ते बाहेरच्या कडेवरच्या उंचवट्याने. करंगळीच्या मुळापासून बोट कडेकडेने टाचेकडे नेलं की साधारण मध्यावर हाडाचं एक टोक हाताला लागतं. ते डाव्या पायालाही आहे, चाचपून पाहा. ती काही नवीन गाठ नाही. करंगळीमागच्या लांब हाडाचं, म्हणजे पाचव्या मेटाटार्सलचं ते बूड आहे. पोटरीच्या बाहेरच्या अंगाने उतरणाऱ्या एका स्नायूचा दोर घोट्याच्या मागून वळून नेमका इथे चिकटतो. पाऊल आत कलंडलं की हा स्नायू त्याला सावरायला एकदम आवळतो, आणि तळव्याच्या जाड पट्ट्याची बाहेरची बाजूही त्याच जागी ओढ देते. गाय उधळली की कधी दावं तुटतं, कधी खुंटीच उपटून येते. इथेही तसंच होतं. लिगामेंट टिकतं किंवा थोडंसं फाटतं, पण हाडाच्या बुडाचा तुकडा निघतो.

गंमत अशी की सूज दिसते घोट्याला, त्यामुळे सगळे घोट्याकडेच बघतात. चिठ्ठीवर ‘उजवा घोटा’ एवढंच लिहिलं जातं, एक्स-रे घोट्याचा निघतो, फिल्ममध्ये हे बूड कडेला जेमतेम येतं किंवा येतच नाही, आणि ‘नॉर्मल आहे, मुरगळलाय’ म्हणून माणूस घरी परततो. तीन आठवड्यांनीही चप्पल घालताना त्याच जागी कळ येते तेव्हा पुन्हा फेरी होते. म्हणून डॉक्टरांना फक्त ‘पाय मुरगळला’ असं सांगू नका. बोट त्या उंचवट्यावर ठेवा आणि ‘इथे दुखतं’ असं म्हणा.

आता मिस्टरांच्या मुद्द्याकडे येऊ. त्यांचं अर्धं बरोबर आहे. मुरगळलेल्या घोट्याचा एक्स-रे कधी लागतो हे ठरवायला डॉक्टर जो नियम वापरतात, तो कॅनडातल्या ओटावा इथे इयन स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला. तो १९९२ साली प्रसिद्ध झाला आणि आज जगभर वापरात आहे. त्यात चालता येणं हा एक प्रश्न आहेच, पण तो एकटा नाही. नियम दोन गोष्टी विचारतो: ठरावीक जागी हाड दाबल्यावर दुखतं का, आणि चार पावलं टाकता येतात का. दोन्हींपैकी एकीचंही उत्तर वाईट आलं, तर एक्स-रे काढायचा.

दाबायच्या जागा चारच आहेत, आणि त्या नेमक्या कळायला हव्यात. पहिली बाहेरच्या घोट्याची. घोट्याचं हाड खालच्या टोकापासून वर तीन-चार बोटांपर्यंत दाबायचं, पण मागच्या कडेने. पुढच्या बाजूने दाबू नये, कारण पुढे आणि किंचित खाली जो मऊ खळगा आहे तिथे मुरगळल्यावर सर्वांत आधी फाटणारं लिगामेंट असतं. ते दाबल्यावर जवळजवळ प्रत्येकाला दुखतं, त्यावरून हाडाचं काहीच कळत नाही. दुसरी जागा आतल्या घोट्याची, तशीच मागची कडा आणि टोक. तिसरी तुम्ही लिहिलेला उंचवटा. चौथी पावलाच्या आतल्या बाजूला, आतल्या घोट्याच्या जरा पुढे आणि खाली जे हाड वर आलेलं लागतं, ती. दाबताना एकाच बोटाच्या टोकाने, दुखऱ्या जागेपासून लांब सुरुवात करून हळूहळू जवळ यायचं, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या पायाची तीच जागा दाबून तुलना करायची. सूज दाबल्यावर बोथट, पसरलेलं दुखतं. मोडलेलं हाड दाबलं की माणूस पाय ओढून घेतो.

चार पावलं म्हणजे प्रत्येक पायावर दोनदा वजन येणं. लंगडत टाकलेली चालतात. मात्र मार लागल्यावर लगेच आणि नंतर तपासणीच्या वेळी, अशा दोन्ही वेळा टाकता यायला नकोत, तरच ‘चालता येत नाही’ असं नियम धरतो. तुम्ही घरी चालत आलात, म्हणजे या प्रश्नात पास. पण तिसऱ्या जागी नापास, आणि एक नापास पुरेसा आहे.

मोडलेल्या हाडावर चालता कसं येतं? गुडघ्याखाली दोन हाडं असतात. शरीराचं बहुतेक वजन नडगीचं जाड हाड पेलतं. बाहेरचा घोटा हे बाजूच्या बारीक हाडाचं टोक आहे, त्याच्या वाट्याला थोडंच वजन येतं. त्यामुळे त्याला तडा गेला असला तरी माणूस लंगडत रिक्षापर्यंत जातो. करंगळीमागच्या हाडाचंही तेच, टाचेवर भार देऊन चालता येतं. बोटं हलण्याचा तर फ्रॅक्चरशी फारसा संबंधच नाही. बोटं हलवणारे स्नायू बरेचसे पोटरीत असतात आणि त्यांचे दोर घोट्यावरून पुढे जातात. हाड मोडलं म्हणून ते थांबत नाहीत. ‘कट्’ आवाज लिगामेंट फाटतानाही येतो, त्यावरून निदान करू नका.

काळ्यानिळ्याला तर मुळीच घाबरू नका. घोट्याजवळ सांडलेलं रक्त दोन-तीन दिवसांत वजनाने खाली उतरतं, टाचेच्या कडेला आणि बोटांच्या मुळाशी साचतं, पुढे हिरवट-पिवळं होऊन दोनेक आठवड्यांत जातं. बोटांना काहीही न लागता बोटं जांभळी दिसतात ती यामुळे. एक अपवाद आहे: काळंनिळं तळव्याच्या मधोमध, कमानीखाली आलं आणि चवड्यावर उभं राहताना पावलाच्या मधल्या भागात कळ आली, तर पावलाच्या मध्यावरचे सांधे सरकलेले असू शकतात. ती दुखापत साध्या एक्स-रेत सुटते आणि नंतर फार त्रास देते. असं असेल तर हाडांच्या डॉक्टरांनाच दाखवायचं.

मैत्रिणीचा एमआरआय आत्ता नको. पहिल्या आठवड्यात त्यात सूज आणि रक्तच जास्त दिसतं आणि उपचार काही बदलत नाहीत. घोट्याचा एक्स-रे तीन बाजूंनी निघतो: समोरून, बाजूने, आणि पाय किंचित आत वळवून. पावलाचा समोरून आणि तिरका. तिरक्या फिल्ममध्ये हे बूड सर्वांत स्पष्ट दिसतं. जाताना हळदीचा लेप धुवून जा. एक्स-रेला त्याचा अडथळा नाही, पण पिवळ्याधमक कातडीवर रक्त कुठे साकळलंय हे डॉक्टरांना दिसत नाही.

एक्स-रेतून तीनपैकी एक गोष्ट निघेल, आणि सासूबाईंच्या ‘पंधरा दिवस टेकवायचा नाही’ला तिन्ही ठिकाणी वेगळं उत्तर आहे.

बुडाच्या टोकाचा लहान तुकडा निघाला असेल, तर घाबरण्यासारखं नाही. या जागी रक्तपुरवठा बरा असतो, हाड जुळतं. बहुतेकांना कडक तळव्याचं सँडल किंवा गुडघ्याखालपर्यंतचा तयार बूट पुरतो, आणि दुखणं सोसेल तितकं वजन पहिल्या आठवड्यापासूनच द्यायला सांगतात. चार ते सहा आठवड्यांत चालणं सुधारतं. एवढंच जपायचं की पाऊल जोर लावून बाहेरच्या बाजूला ढकलण्याचा व्यायाम डॉक्टर सांगेपर्यंत करायचा नाही. त्यात तोच स्नायू तुटलेल्या तुकड्याला ओढतो. तुकडा फार सरकला असेल किंवा सांध्याचा मोठा भाग त्यात गेला असेल, तर क्वचित शस्त्रक्रियेचा विचार होतो.

तडा बुडापासून साधारण दीड ते तीन सेंटीमीटर पुढे, हाडाच्या दांड्याच्या सुरुवातीला असेल, तर सासूबाई बरोबर. किंबहुना त्यांचे पंधरा दिवस कमीच आहेत. तिथे रक्तपुरवठा तुटपुंजा असतो, हाड जुळायला वेळ लागतो आणि कधी जुळतच नाही. साधारण सहा ते आठ आठवडे प्लास्टर, पाय न टेकवता कुबड्या, किंवा स्क्रू. दोन सेंटीमीटरच्या फरकाने उपचार पार उलटा होतो, म्हणून ‘पायाला छोटं फ्रॅक्चर आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. ते नेमकं कुठे आहे हे विचारून घ्या.

आणि हाड शाबूत निघालं, जे मुरगळलेल्या पायांत बहुसंख्य वेळा होतं, तर पंधरा दिवस खाटेवर पडून राहणं नुकसानीचं. आता या तिसऱ्या शक्यतेवर जरा रेंगाळू, कारण बहुतेक वाचकांचं हेच असतं. यातली बर्फ-बँडेजची काळजी तुम्ही एक्स-रेची वाट पाहतानाही घ्यायची आहे. वजनाचं मात्र एक्स-रे होईपर्यंत काठी घेऊन घरातल्या घरात, अगदी कामापुरतं.

गरम लेप, शेक आणि चोळणं आज थांबवा. पहिल्या तीन दिवसांत फाटलेल्या बारीक रक्तवाहिन्या अजून पाझरत असतात. उष्णतेने त्या रुंदावतात, चोळण्याने पुन्हा उघडतात, आणि सूज वाढते. काकूंनी प्रेमाने चोळलं त्याने फार बिघडलं असेल असं नाही, पण आणखी नको. आंबेहळद सासूबाईंच्या समाधानासाठी थंड लावली तर चालेल, मात्र कातडी फुटलेली नसावी आणि वर बँडेज बांधायच्या आधी ती धुतलेली असावी. लचक काढायला कोणाकडे जाऊन पाय ओढून घेऊ नका. तडा गेलेलं हाड त्या एका झटक्यात सरकतं.

बर्फ ओल्या पातळ पंचात गुंडाळून दहा ते पंधरा मिनिटं, दर दोन-तीन तासांनी. फ्रीजरमधली मटारची पिशवी घोट्याभोवती बर्फापेक्षा चांगली बसते. बर्फाने दुखणं कमी होतं, लिगामेंट लवकर जुळतं असं नाही. त्यामुळे रात्री गजर लावून उठायची गरज नाही, आणि चौथ्या-पाचव्या दिवसानंतर बरं वाटत असेल तर सोडून द्या.

क्रेप बँडेज चार इंची, म्हणजे दहा सेंटीमीटर रुंदीचं घ्या. ते बांधण्यात सर्वांत जास्त चुका होतात. लोक फक्त घोट्याला गच्च वेढे देतात, मग पाऊल बँडेजखाली फुगतं. बसून पाऊल काटकोनात ठेवा. बोटं उघडी ठेवून त्यांच्या मुळाशी दोन वेढे द्या, मग पावलावरून तिरकं वर, घोट्याच्या मागून फिरवून, पुन्हा पावलावरून तळव्याखाली, असा इंग्रजी आठचा आकार करत वर सरका. प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर यावा, टाचही झाकली जावी, आणि घोट्याच्या वर वीतभर गेल्यावर थांबावं. ताण पावलाशी जरा जास्त, वर जाताना कमी. बांधून झाल्यावर अंगठ्याचं नख दाबून सोडा, दोनेक सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. बोटं गार पडली, मुंग्या आल्या, निळसर झाली तर लगेच सोडून सैल बांधा. रात्री झोपताना काढून ठेवा.

पाय उंच ठेवणं म्हणजे खुर्चीत बसून समोरच्या स्टुलावर ठेवणं नव्हे. सूज उतरायची तर पाऊल छातीच्या पातळीपेक्षा वर हवं. आडवं पडून पोटरीखाली दोन उशा, दिवसातून चार-पाच वेळा अर्धा तास. पडल्या पडल्या पाऊल वर-खाली वीस वेळा हलवा, पोटरी पंपासारखी चालते आणि पाणी खेचून घेते.

गोळीचं तुमच्यासाठी खास. बीपी असताना डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक यांच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका. त्यांनी बीपी वाढतं, आणि बीपीच्या काही औषधांबरोबर घेतल्या तर मूत्रपिंडावर ताण येतो. औषधाच्या दुकानात मुरगळलं म्हटलं की नेमक्या याच हातात ठेवल्या जातात. यकृताचा आजार नसेल तर पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची एक गोळी, गरजेप्रमाणे दर सहा तासांनी, इतकी पुरते. दिवसात तीन ग्रॅमच्या वर जायचं नाही, आणि सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं हे लक्षात ठेवायचं.

आता पाय टेकवणं. हाड शाबूत असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून थोडं वजन द्यायला सुरुवात करा. जुळणारे धागे ओढीच्या दिशेने रांगेत बसतात. पाय अधांतरी ठेवला तर ते वेडेवाकडे जुळतात, पोटरी बारीक होते आणि घोटा आखडतो. काठी डाव्या हातात धरा, म्हणजे दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. बहुतेक जण दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि मग सगळं अंग त्याच पायावर कलतं. उजवा पाय आणि काठी एकदम पुढे, मग डावा. पावलं लहान टाका, पण टाच आधी आणि चवडा नंतर, हा क्रम मोडू नका. नुसत्या टाचेवर किंवा पाय बाहेर फिरवून चालायची सवय लागली तर ती महिनाभर सुटत नाही. काठीनेही असं चालता येत नसेल तर आणखी काही दिवस दोन कुबड्या घ्या. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

किती चालायचं याचं माप पावलांत नसतं. चालताना दहापैकी तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळी सूज कालच्याइतकीच किंवा कमी असली, तर दिलेलं वजन बरोबर. सकाळी घोटा जास्त फुगलेला दिसला तर आदल्या दिवशी जास्त झालं. त्या दिवशी निम्मं करा, पण शून्य करू नका.

आपल्याकडे एक गोष्ट हमखास आड येते, ती खाली बसण्याची. मांडी घातली की पाऊल आत वळतं आणि बाहेरचा घोटा जमिनीवर दाबला जातो, म्हणजे ज्या दिशेने फाटलं त्याच दिशेने पुन्हा ताण. वज्रासनात पाऊल मागे ताणलं जातं, तेही पुढच्या लिगामेंटला नको असतं. तीन-चार आठवडे जेवण, पूजा, भाजी निवडणं सगळं खुर्चीवर. भारतीय बैठकीच्या संडासाऐवजी कमोड किंवा कमोडची खुर्ची. दुचाकी चालवण्याआधी इतकं पाहा की गाडी अचानक थांबवून त्या पायावर तोलता येते का, आणि चारचाकीसाठी उजव्या पायाने ब्रेक झटक्यात, न कचरता दाबता येतो का.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून पायाच्या अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवा, दिवसातून तीन वेळा. पाऊल सगळ्या दिशांना हलतं. आत वळताना मात्र दुखायच्या अलीकडेच थांबा. दुसऱ्या आठवड्यात स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून टाचा उचलणं, आणि मग ओट्याजवळ उभं राहून एका पायावर तोल. सुरुवातीला दहा सेकंदही टिकणार नाही, तीस सेकंद तीनदा जमेपर्यंत करत राहा. हा तोलाचा व्यायाम लोक दुखणं थांबलं की सोडतात, आणि सहा महिन्यांत तोच पाय पुन्हा मुरगळतो. फाटलेल्या लिगामेंटमध्ये पाऊल कुठे, कसं पडलंय हे मेंदूला कळवणारे मज्जातंतूही असतात. ते बधिरलेले असले की खडीवर पाय कलंडतो आणि सावरणारा स्नायू उशिरा जागा होतो. सहा आठवडे तरी हा व्यायाम ठेवा. लिगामेंट नीट भरून यायला सहा ते बारा आठवडे लागतात, आणि संध्याकाळी थोडी सूज त्यानंतरही काही दिवस येत राहते.

चौथ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान एकदा पुन्हा तपासून घ्या. पहिल्या दिवशी सूज आणि दुखणं इतकं असतं की घोटा किती सैल झालाय हे डॉक्टरांना हाताने नीट कळत नाही. लिगामेंट पूर्ण फाटलं असेल तर सुरुवातीचे सात-दहा दिवस कच्चं प्लास्टर किंवा बूट देतात, ते योग्यच आहे. नुसत्या मुरगळीला सहा आठवड्यांचं पक्कं प्लास्टर सांगितलं, तर ‘हाडाला नेमकं काय झालंय?’ हा प्रश्न जरूर विचारा. उलट, एक्स-रे नॉर्मल असूनही आठवड्याने चार पावलं टाकता येत नसतील, किंवा सहा आठवड्यांनी घोट्याच्या आत खोलवर दुखत, अडकत असेल, तर मैत्रिणीचा एमआरआय तेव्हा काढायचा. सांध्यातल्या कूर्चेचा टवका पहिल्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही.

इतर वाचकांपैकी काहींनी वरची बोटाने दाबायची परीक्षा स्वतःवर करून निश्चिंत होऊ नये. मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे त्यांना मोडलेलं हाडही दुखत नाही. मुरगळल्यावर पाऊल लाल, गरम, सुजलेलं आणि तरी फारसं दुखत नाही, असं असेल तर न चालता त्याच दिवशी दाखवा. बर्फ आणि शेक दोन्ही त्यांनी टाळावेत, कातडी भाजल्याचं कळत नाही. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांना, साठीपुढच्या किंवा हाडं ठिसूळ असलेल्या बायकांना, आणि दारूच्या अमलात पडलेल्यांना सरळ तपासून घेणं बरं. मुलांमध्ये घोट्याच्या टोकाशी हाड वाढण्याची कूर्चा असते आणि ती लिगामेंटपेक्षा कच्ची असते. मूल त्या हाडावर दाबल्यावर रडत असेल तर एक्स-रे स्वच्छ आला तरी डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवा. शिवाय दहा-बारा वर्षांच्या मुलांत तुमच्या त्या उंचवट्यावर वाढीची एक उभी रेघ असते. ती फ्रॅक्चरसारखी दिसते, पण फ्रॅक्चर नसते. बहुतेक फ्रॅक्चरची रेघ हाडाला आडवी जाते.

आणि ज्यांनी घरी थांबूच नये ते हे: घोटा वाकडा दिसतोय, जखमेतून हाड दिसतंय, बोटं पांढरी, गार किंवा बधिर पडली आहेत, पाय टेकवताच येत नाही, किंवा गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला हाड दाबल्यावर कळ येते. शेवटचं कारण विचित्र वाटेल, पण घोटा पिळवटला की बारीक हाड कधी थेट गुडघ्याशी मोडतं, आणि घोट्याच्या एक्स-रेत ते दिसत नाही. ताई, उद्या एक्स-रेला जाण्याआधी तिथेही एकदा दाबून बघा. दुखलं तर डॉक्टरांना तेही सांगा, म्हणजे फिल्म गुडघ्यापर्यंत निघेल.